आक्काबाईचे सहा वाडगे

भट्टी चालू असताना मला कुणाशी बोलायला आवडत नाही. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तेवढं बोलणं या जन्माला पुष्कळ झालं. निवृत्त झाल्यावर केडगावात घरामागे पत्र्याची शेड घातली, विजेवर चालणारी भट्टी बसवली आणि मातीकामाला लागले. शेजारच्या बायका अजून विचारतात, "साराबाई, या वयात हा धुराळा कशाला?" मी म्हणते, माती उलट उत्तर देत नाही म्हणून. हे खोटं आहे. माती उलट उत्तर देते, फक्त जरा उशिरा देते.

गोरक्षनाथ आला तेव्हा भट्टी बंद होती, म्हणून मी दार उघडलं.

गोरक्षनाथ हा पाथर्डी तालुक्यातला कुंभार. शाळेत मुलांच्या खेळण्यांसाठी मी त्याच्याकडूनच गावतळ्याची लाल माती मागवायची, ती ओळख. वय पासष्टच्या आसपास, अंगाने काटक, बोलणं कमी. पाथर्डीहून माळीवाडा स्टँडपर्यंत एसटीत आणि तिथून रिक्षात तो एक पत्र्याचा डबा मांडीवर धरून आला होता. डबा खाली ठेवायलाही तयार नव्हता.

"बाई, आक्काबाई गेली," तो म्हणाला. "महिना झाला."

त्याच्या बायकोला, आक्काबाईला, मी तीनदाच भेटले होते. तिन्ही वेळा तिने मला चहा दिला आणि तिन्ही वेळा मी दिसते त्यापेक्षा म्हातारी आहे असं तोंडावर सांगितलं. मला ती बाई आवडायची. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. मग त्याने डबा उघडला.

आत गव्हाच्या भुशात सहा वाडगे होते. कच्चे, वाळलेले, फिकट तपकिरी. चाकावरचे नव्हते. कुंभारांत बाईमाणसाने चाकाला हात लावायचा नाही अशी रीत. आक्काबाईने चाळीस वर्षं माती मळली, थापीने मडकी ठोकली, रंगवली, पण चाक कधी फिरवलं नाही. हे वाडगे तिने पातेल्याच्या बुडावर माती थापून, बोटांनी दाबत दाबत केले होते. दुखण्यात पडून होती तेव्हा. कडेला सगळीकडे तिच्या अंगठ्याचे ठसे.

"तिनं आपल्या मनानं केल्याल्या ह्याच सहा वस्तू," गोरक्षनाथ म्हणाला. "बाकी सगळं माझ्या नावाचं. मला ह्यात जेवायचं हाय बाई."

"मग तुमच्या गावच्या भट्टीत, आव्यात, का नाही भाजले?"

"आव्यात धातली चार फुटत्यात. ही फुटली तर दुसरी कोन करनार? आन आव्यातलं भाजल्यालं आमटी पिऊन टाकतं. काच चढवाय पायजे. ती तुमच्याकडं."

त्याला काय हवं ते अगदी सरळ होतं. आक्काबाईच्या हातच्या वाडग्यात आमटी-भाकरी कुस्करून खायची. मी हो म्हटलं. मी हो फार कमी वेळा म्हणते.

त्या संध्याकाळी मी एक गोष्ट विचारायला हवी होती, ती विचारली नाही. त्याच्या तळ्याची माती मी ओळखते असा माझा समज होता. शाळेत असताना मी तिचे तुकडे भाजून पाहिले होते, वहीत आकडे होते. हजार पन्नास अंशांपर्यंत छान, अकराशेला वाकायला लागते, त्याच्याही वर तव्यावर सांडलेल्या गुळासारखी पसरते. मी विकत आणते त्या पिशवीतल्या पांढऱ्या मातीला बाराशे वीस लागतात, ते या वाडग्यांना दाखवायचे नाहीत, एवढं मी ठरवलं आणि स्वतःवर खूश झाले. पण शाळेत यायची ती नुसती तळ्यातली माती. घरी मडक्यांसाठी मळताना कुंभार तिच्यात राख आणि गाढवाची लीद घालतात, हे मला ठाऊक होतं आणि तरी त्या वेळी आठवलं नाही.

पहिली भाजणी सोमवारी लावली. पहिल्या भाजणीत ग्लेझ, म्हणजे वितळून काच होणारा लेप, नसतो, वस्तू एकमेकींना चिकटत नाहीत, म्हणून मी वाडगे एकात एक असे तीन-तीन ठेवले. सकाळी सहाला भट्टी सुरू केली. गोरक्षनाथ आदल्या दिवसापासून माझ्याकडेच राहिला होता, तो समोर उकिडवा बसला आणि आकड्यांच्या मीटरकडे संशयाने पाहू लागला.

"शंभर झालं, आता थांबलं कसं?" त्याने विचारलं.

"मीच थांबवलंय. माती वाळलेली दिसते पण आत ओल असते. घाई केली तर तिची वाफ होऊन वस्तू फोडते."

"ह्ये आमी बी करतो. आदी नुसता धूर दिऊन निबर करतो."

"मग विचारता कशाला?"

तो हसला. महिनाभरात तो पहिल्यांदाच हसला असावा, असं मला वाटलं.

तीनशेच्या पुढे भट्टीच्या दारातल्या भोकातून जळक्या शेणाचा वास यायला लागला. हे भोक पेरूएवढं आहे, त्याला मातीचं बूच असतं. वास आला तेव्हा माझ्या डोक्यात दिवा लागायला हवा होता. मी शेजारच्यांच्या गोठ्याला दोष दिला.

साडेचारशेपासून सहाशेपर्यंत मी हळू नेते. मातीच्या कणाकणात बांधलेलं पाणी असतं, ते त्या पट्ट्यात निघून जातं. त्याच्या आधी भट्टी बंद केली तर वस्तू पाण्यात टाकून पुन्हा चिखल करता येतो. त्याच्या पुढे नाही. पाचशे त्र्याहत्तरला मातीतली वाळू एकदम जरा फुगते, तिथे घाई झाली तर तडा जातो. हे मी त्याला सांगितलं.

"म्हंजी आता ती परत चिखल व्हनार न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि उपरण्याने तोंड पुसलं.

बाराच्या सुमारास मीटरवर साडेसहाशे होते आणि माझी दाढ ठणकत होती. दाताच्या डॉक्टरांनी साडेबाराची वेळ दिली होती. मी गोरक्षनाथला म्हटलं, "कशाला हात लावू नका, नुसतं लक्ष ठेवा," आणि स्कूटर काढली. डॉक्टरकडे गर्दी होती. परतायला साडेतीन वाजले, तेव्हा मीटर नऊशे वीसवर होता आणि भोकाला बूच घट्ट बसवलेलं होतं. एवढंच नाही, कडेने ओली माती लावून लिंपलेलंही होतं.

माझ्या पिशवीतल्या मातीत जळण्यासारखं काही नसतं. तिच्यासाठी मी स्वतःच सातशेला बूच लावते. म्हणून मी पाहिलं आणि म्हणाले, "छान केलंत." हे शब्द मी उच्चारले. ते मला नंतर दोन दिवस झोपू देणार नव्हते.

साडेनऊशेला भट्टी बंद केली. बुधवारी दार उघडलं. सहाही वाडगे शाबूत, लाल विटेच्या रंगाचे. गोरक्षनाथने प्रत्येकाला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. एकात एक बसलेल्या भागात करडी सावली होती, ती मला दिसली. मी ती पुसायचा प्रयत्न केला, पुसली गेली नाही, आणि मी म्हटलं, असेल काहीतरी.

त्याला सगळ्यांवर एकदमच काच चढवायची होती. इथे मात्र माझा हट्टी स्वभाव कामाला आला. नव्या मातीवर आधी एकच वस्तू, हा माझा नियम. त्याने कुरकुर करत सगळ्यात लहान वाडगा दिला. मी तो ग्लेझच्या पातळ लापशीत बुडवला, शिशाचा अंश नसलेलं साधं पारदर्शक ग्लेझ. पहिल्या भाजणीतून आलेली वस्तू तहानलेली असते, ती पाणी पिते आणि ग्लेझची भुकटी अंगावर ठेवून घेते. बूड पुसून घेतलं, नाहीतर वितळलेली काच भट्टीतल्या फरशीला चिकटते. दुसरी भाजणी हजार चाळीसला.

शनिवारी दार उघडलं तेव्हा तो वाडगा ओळखू येत नव्हता. कडा फुगल्या होत्या, अंगावर फोड आले होते, काही फुटून धारदार झाले होते. गजकर्ण झाल्यासारखा दिसत होता. आक्काबाईचा अंगठा कुठेच नव्हता.

गोरक्षनाथने तो हातात घेतला आणि फुगलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिला. त्याने ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

मी वाडगा त्याच्या हातातून घेतला आणि हातोडीने फोडला. आत मधोमध काळा थर होता, बाहेरून लाल आणि पोटात कोळसा.

"मातीत लीद होती?" मी विचारलं.

"व्हय. लिदीबिगर मडकं हुतं का?"

"आणि बूच कधी लावलं?"

"तुमी गेल्या तवाच. भोक उघडं हुतं. आव्याला भोक पडलं की आमी लगीच लिंपतो, वारं शिरलं तर मडकी तडकत्यात."

मग मी जे बोलले ते मला लिहायला लाज वाटते. चाळीस वर्षं भट्ट्या लावूनही अक्कल आली नाही असं म्हटलं. हात लावू नका म्हटलेलं कळत नाही का, असं वर्गातल्या मुलाला विचारावं तसं विचारलं. तो ऐकत उभा राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "तुमी छान म्हनला हुता बाई."

मी शेडमधून बाहेर आले आणि नळाखाली हात धूत राहिले. हात स्वच्छ होते. त्याने काय चुकीचं केलं होतं? बापजाद्यांपासून जे बरोबर होतं तेच केलं होतं. भोक कशासाठी आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला भट्टीजवळ बोलायला आवडत नाही ना.

आत जाऊन मी आधी माफी मागितली. मग सगळं सांगितलं, जे सोमवारी सांगायला हवं होतं.

"लीद साताठशे अंशांत जळून जाते, पण जळायला तिला हवा लागते. चुलीचं तोंड दाबलं की लाकडाचा कोळसा होतो, तसंच. तुमच्या आव्यात फटी असतात, आणि मडकं पातळ असतं, तरी पोटात थोडं काळं राहतंच. पण तिथे चालतं, कारण तुम्ही त्याच्यावर काच चढवत नाही. इथे दुसऱ्या भाजणीत काच वितळते आणि तोंड बंद होतं. आतल्या कोळशाचा वायू होतो, त्याला बाहेर यायला वाट नसते. त्यात काळ्या भागातलं लोखंड मातीला लवकर मऊ करतं. म्हणून फुगतं."

तो विचार करत होता. "मंग बाकीच्या पाचांच्या पोटात बी हाय."

"आहे."

"काडता यील का?"

"काच नाही चढवली अजून. अंगाला छिद्रं आहेत. परत पहिल्यासारखी भाजायची, भोक उघडं ठेवून, साडेसहाशेपासून नऊशेपर्यंत मुंगीच्या पावलाने. आठशे सत्तरला तीन तास नुसतं थांबायचं. निघेल असं वाटतं. खात्री नाही."

मंगळवारी पहाटे पाचला सुरू केलं. या वेळी वाडगे सुटे ठेवले, प्रत्येकाच्या खाली तीन खड्यांचे पाय, म्हणजे बुडालाही हवा लागेल. दोघंही जागचे हललो नाही. दाढेला मी लवंग दाबून ठेवली. साडेसहाशेला भोकातून आत पाहिलं तर काळपट लाल, आठशे सत्तरला चांगलं तांबडं. गोरक्षनाथ मीटर न पाहता रंगावरून आकडा सांगायचा आणि वीस-तीस अंशांच्या आत यायचा. मी त्याला म्हटलं, "मीटर विकून टाकते, तुम्हालाच बसवते." तो म्हणाला, "मला दोन टाइम जेवान लागतं, मीटराला लागत न्हाई." थांबण्याच्या तीन तासांत आम्ही आक्काबाईबद्दल बोललो. तिला पावसाचा अंदाज अचूक यायचा आणि हिशेबी माणसांचा राग यायचा. चाक कधी फिरवावंसं वाटलं नाही का, असं मी विचारलं.

"म्या कधी इचारलंच न्हाई," तो म्हणाला. "आता वाटतं, इचारायला पायजे हुतं."

गुरुवारी पाच वाडगे बाहेर आले. करडी सावली गेली होती. लाल, स्वच्छ, एकसारखे. पण मागच्या वेळीही बाहेरून बरेच दिसत होते.

आता खरा पेच होता, आणि तो आम्हा दोघांनाही दिसत होता. आतून काय झालंय हे बाहेरून कळत नाही. तशीच काच चढवली आणि कोळसा उरला असेल तर पाचही जातील. एकेकावर काच चढवून पाहायची, तर थोडा उरलेला कोळसा एकाला फुगवतो आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे एक धड निघाला तरी बाकीच्यांची खात्री नाही. त्यापेक्षा एक फोडून बघणं बरं.

"कुठला फोडायचा?" त्याने विचारलं.

मला उत्तर माहीत होतं आणि ते द्यायचं नव्हतं. "सगळ्यात जाड असेल तो. जाड आहे तिथे कोळसा सगळ्यात शेवटी निघतो. जाडातून निघाला असेल तर पातळांतून नक्की निघाला. पातळ फोडून जाडाचं काही कळत नाही."

गोरक्षनाथने पाचांतला एक उचलला. शोधावा लागला नाही. तो बाकीच्यांपेक्षा जड होता, कडा ओबडधोबड, आणि अंगठ्याचे ठसे इतके खोल की त्यात चण्याची डाळ मावेल.

"ह्यो शेवटचा," तो म्हणाला. "माती पातळ कराया हातात बळ न्हवतं. दाबायची आन थांबायची. ह्यो झाला आन मंग काय केलंच न्हाई तिनं."

"दुसरा घेऊ," मी म्हटलं. "त्याच्या खालोखाल जाड असेल तो. हा तसाच ठेवा, काच न लावता."

"मंग ह्याचं कळनार न्हाई."

"नाही कळलं तर नाही. फडताळात ठेवा."

"फडताळात ठिवाया न्हाई केला तिनं." त्याने वाडगा दोन्ही हातांत फिरवून पाहिला. "चार वाचत असतील तर ती म्हनली असती, फोड. लई चिकट न्हवती ती."

मी हातोडी पुढे केली. मला स्वतःला ते जमलं नसतं, हे कबूल करते. त्याने हातोडी घेतली नाही. शेडच्या उंबऱ्यावर बसला, वाडगा गुडघ्यावर उपडा धरला, थापीने मडकं ठोकावं तसा हात उचलला आणि हाताच्या कडेने एकच फटका मारला. वाडग्याचे सरळ दोन तुकडे झाले.

त्याने तुकडे पाहिलेच नाहीत, माझ्याकडे धरले. मी चष्मा लावला. जाड कडेच्या अगदी मध्यात, जिथे आक्काबाईचा जोर संपला होता, तिथेही माती लाल होती. आरपार लाल. काळ्याचा ठिपका नाही.

"निघालं," मी म्हटलं. "सगळं निघालं."

मग तो रडला. मीही रडले, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

चार वाडगे मी त्याच दिवशी ग्लेझमध्ये बुडवले. ते वाळत असताना त्याने दोन तुकडे माझ्यासमोर ठेवले.

"ह्येला बी लावा."

"याला? यात काही राहणार नाही. आणि काच चढली की धार लागेल."

"धार घासा."

मी घासली. दगडाने तासभर घासून दोन्ही तुकड्यांच्या फुटलेल्या कडा गोल केल्या, मग बुडवले. फरशीवर चार वाडगे आणि दोन तुकडे, एकमेकांपासून बोटभर अंतरावर, कारण या भाजणीत जे एकमेकांना टेकतं ते कायमचं चिकटतं. नऊशेच्या आसपास भुकटी वितळू लागते, खदखदते, मग हळूहळू सपाट होते. हजार चाळीसला भोकातून पाहिलं तेव्हा आत नारिंगी उजेड होता आणि वाडग्यांची अंगं पाण्याने भिजल्यासारखी चमकत होती. गोरक्षनाथ म्हणाला, "हजार चाळीस." मीटर हजार अडतीस दाखवत होता. त्याचं बरोबर होतं असं मी धरून चालले.

दार रविवारी उघडलं. मी त्या दिवशी चर्चला गेले नाही. चारही वाडगे धड होते, दाट तांबूस रंगाचे. ठशांच्या खळग्यांत काच जरा जास्त साचली होती, त्यामुळे प्रत्येक अंगठा वेगळा दिसत होता. एकात पाणी भरून कोरड्या कागदावर ठेवलं. तासाभराने उचललं, कागद कोरडाच.

मी तुरीची आमटी केली होती आणि बाजरीच्या भाकरी. एक वाडगा त्याच्यासमोर ठेवला. दुसरा त्याने उचलून माझ्यासमोर ठेवला. "एकट्यानं जेवलेलं तिला आवडायचं न्हाई," म्हणाला. मी बसले. त्याने भाकरी कुस्करली आणि मग फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा बाहेर काढला, अंगठ्याचा सगळ्यात खोल ठसा होता तो.

"त्यात कसं जेवाल?" मी विचारलं.

"जेवाया न्हाई," तो म्हणाला. "धराया."

त्याने तो तुकडा डाव्या मुठीत घेतला, आपला अंगठा तिच्या ठशात ठेवला, आणि उजव्या हाताने पहिला घास घेतला. जेवण संपेपर्यंत त्याने तो हात सोडला नाही.